डील मेमो: ए कॅमेरा ऑपरेटर, वेब मालिका, निर्मिती क्र. ०७

तारीख: २६ ऑक्टोबर २०२६

हा मेमो निर्माता आणि फ्रीलान्स कॅमेरा ऑपरेटर यांच्यातला आहे. दोघांची पूर्ण नावे, पत्ते आणि बँक तपशील परिशिष्ट १ मध्ये आहेत. फोनवर किंवा मेसेजवर आधी जे बोलणे झाले ते आणि हा मेमो यांत फरक निघाला, तर मेमोतले ग्राह्य.

१. काम आणि तारखा
सहा भागांची मालिका, दोन कॅमेरे. ऑपरेटर ए कॅमेरा चालवेल आणि डीओपीच्या सूचनेनुसार काम करेल. फोकस पुलर, दुसरा असिस्टंट आणि डेटा सांभाळणारी व्यक्ती निर्माता देईल. ही कामे ऑपरेटरच्या गळ्यात पडणार नाहीत, एखाद्या दिवशी माणूस कमी असला तरीही.
कॅमेरा टेस्ट ६ नोव्हेंबर. प्रवास ८ आणि २९ नोव्हेंबर. शूटिंग ९ ते २८ नोव्हेंबर, रविवार सोडून, एकूण १८ दिवस.

२. दिवसाचा दर
शूटिंगच्या दिवसाला १८,००० रुपये. दिवस १२ तासांचा, त्यात एक तास जेवणाची सुट्टी धरलेली आहे. टेस्टचा दिवस ६ तासांपर्यंत ९,०००. प्रवासाचा दिवस ९,०००. ठरल्याप्रमाणे सगळे पार पडले तर मानधन ३,५१,००० रुपये होते: शूटिंगचे ३,२४,०००, टेस्टचे ९,०००, प्रवासाचे १८,०००. गिअरचे भाडे यात नाही, ते कलम ५ मध्ये.
रविवारी बोलावले तर दीडपट दर. पावसामुळे किंवा कलाकार न आल्यामुळे युनिट बसून राहिले, तर तो शूटिंगचाच दिवस आणि पूर्ण दर.

३. वेळ कुठून कुठे मोजायची
वाद होतो तो बहुतेक इथेच. दिवस कॉलशीटवरच्या कॉल टाइमपासून सुरू होतो. कॅमेरा बांधायला त्याआधी बोलावले असेल तर ऑपरेटर सेटवर हजर झाल्यापासून. ‘पॅकअप’ची हाक म्हणजे दिवसाचा शेवट नव्हे, शेवटचे कार्ड डेटाकडे गेले, कॅमेरा केसमध्ये बंद झाला, की दिवस संपला. हे काम साधारण अर्ध्या तासाचे असते आणि ते पगारी आहे.
टाइमशीटवर त्याच रात्री ऑपरेटर आणि प्रॉडक्शन मॅनेजर दोघांच्या सह्या हव्यात. आठवड्याने आठवून भरलेली शीट चालणार नाही.

४. ओव्हरटाइम
तासाचा मूळ दर १,५०० रुपये. तेराव्या आणि चौदाव्या तासाला दीडपट, म्हणजे २,२५०. पंधराव्यापासून दुप्पट, ३,०००. पहिली १५ मिनिटे सवलतीची. ती ओलांडली की ओव्हरटाइम बारा तास संपल्यापासूनच मोजायचा. हिशेब अर्ध्या तासाच्या टप्प्यात, वरच्या बाजूला.
उदाहरण: कॉल सकाळी ७, काम संपले रात्री ९.४०. बारा तास संध्याकाळी ७ ला पूर्ण झाले, पुढचे २ तास ४० मिनिटे ३ तास धरायचे. २ × २,२५० + १ × ३,००० = ७,५००. त्या दिवसाचे २५,५००.
ओव्हरटाइमला वेगळी मंजुरी लागत नाही. सेट चालू ठेवला हीच मंजुरी. चौदा तासांपुढे जायचे असेल तर मात्र लाइन प्रोड्युसरने ऑपरेटरला आधी विचारायचे.
दोन दिवसांमध्ये किमान १० तासांची विश्रांती. कमी पडलेला प्रत्येक तास २,२५० रुपये दराने. रात्री ११.३० ला सुटून सकाळी ७ चा कॉल आला तर विश्रांती साडेसात तासांची. अडीच तासांचे ५,६२५ रुपये. कॉल पुढे ढकलणे स्वस्त पडते, ते आधी बघावे.
जेवणाची सुट्टी कॉलपासून ६ तासांच्या आत. उशीर झाल्यास प्रत्येक अर्ध्या तासाला ५०० रुपये.

५. गिअर
मुख्य कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड आणि कार्ड निर्माता रेंटलकडून आणेल. ऑपरेटर स्वतःचा संच आणेल: गिंबल, शोल्डर रिग, ७ इंची मॉनिटर, वायरलेस व्हिडिओचा एक ट्रान्समिटर आणि दोन रिसीव्हर, ९८ वॉट-तासाच्या सहा व्ही-माउंट बॅटऱ्या आणि चार्जर. संचाचे भाडे शूटिंगच्या दिवसाला ४,००० रुपये, १८ दिवसांचे ७२,०००. संच त्या दिवशी केसमधून बाहेर निघाला नाही तरी भाडे लागू, कारण तो दुसरीकडे देता येत नाही.
गिंबलवर कॅमेरा, लेन्स, मॅट बॉक्स, बॅटरी मिळून ४ किलोपेक्षा जास्त भार चढवायचा नाही. जास्त भाराने मोटर तापते, फ्रेम थरथरते आणि शॉट चालू असताना गिंबल बंद पडतो. लांब झूम लेन्स पुढे-मागे सरकताना तोलही बिघडवते. म्हणून गिंबलवर लावायच्या लेन्सची यादी डीओपीकडून टेस्टच्या दिवशी पक्की होईल; नंतर लेन्स बदलली तर पुन्हा तोल साधायला २० मिनिटे द्यावी लागतील.
बॅटऱ्या विमानात हातसामानातच, टोकांना टेप लावून. चेक-इन बॅगेत टाकल्या तर विमानतळावर काढून घेतल्या जातात.
विमा निर्मात्याचा. रक्कम बदली किमतीने ६,४०,००० रुपये. वस्तू आणि सीरिअल नंबर परिशिष्ट २ मध्ये. प्रमाणपत्र ४ नोव्हेंबरपर्यंत न आल्यास संच सेटवर येणार नाही. विमा कंपनी दाव्यातून वजा करते ती रक्कम निर्माता भरेल. दुरुस्तीच्या काळातले भाडे १० दिवसांपर्यंत मिळेल. नेहमीची झीज आणि स्वतःच्या हलगर्जीचे नुकसान ऑपरेटरकडे.
पहारा नसलेल्या गाडीतून झालेली चोरी अनेक विम्यांत बसत नाही. रात्री संच कुलूपबंद खोलीत राहील, किल्ली प्रॉडक्शन मॅनेजरकडे.

६. कार्ड
भरलेल्या कार्डावर लाल टेप लावून ते डेटाकडे द्यायचे, वहीत वेळ लिहायची. दोन प्रती झाल्या, चेकसम जुळला, की हिरवा टेप. हिरव्या टेपशिवाय ऑपरेटर कोणतेही कार्ड फॉरमॅट करणार नाही, कोणी कितीही घाई केली तरी. कार्ड दिल्यानंतर डेटाची जबाबदारी ऑपरेटरची नाही.

७. श्रेय
शेवटच्या श्रेयनामावलीत प्रत्येक भागाला ‘ए कॅमेरा ऑपरेटर’, डीओपीनंतर, कॅमेरा विभागात पहिले नाव. स्पेलिंग परिशिष्ट १ प्रमाणे. एडिटरकडे यादी जाण्याआधी ऑपरेटरला दाखवायची. ११ किंवा जास्त दिवस काम केले तर हेच श्रेय, कमी केले तर ‘अतिरिक्त कॅमेरा ऑपरेटर’. अर्धवट बदली झाल्यास दोघांनाही आपापल्या दिवसांप्रमाणे.
चूक राहिल्यास लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत ऑनलाइन प्रत दुरुस्त होईल. यासाठी पैशांची भरपाई नाही. भाग प्रदर्शित झाल्यावर ९० सेकंदांपर्यंतचे फुटेज ऑपरेटर शोरीलमध्ये वापरू शकतो. त्याआधी सेटवरचे फोटो टाकायचे नाहीत.

८. रद्द झाल्यास
सात दिवस किंवा जास्त आधी कळवले तर काही नाही. सात दिवसांच्या आत ५० टक्के, ४८ तासांच्या आत पूर्ण दर आणि संचाचे भाडे, रद्द झालेल्या प्रत्येक दिवसाचे. ऑपरेटरला माघार घ्यायची असल्यास हीच सात दिवसांची मुदत. त्यानंतर डीओपीला चालेल असा बदली माणूस देणे त्याच्याकडे.

९. पैसे
सही होताच आगाऊ ९०,०००, पुढच्या तीन साप्ताहिक बिलांतून प्रत्येकी ३०,००० वळते. बिल दर सोमवारी टाइमशीटसह, पैसे १५ दिवसांत. उशिरावर महिन्याला दीड टक्का. नियमाप्रमाणे कर कापला जाईल आणि प्रमाणपत्र मिळेल. फुटेजचे हक्क निर्मात्याचे, पूर्ण रक्कम मिळाल्यापासून.

१०. सुरक्षितता
उलट चालत हँडहेल्ड शॉट घेताना मागे एक माणूस हवाच. गाडीवर, उंचीवर किंवा पाण्यात कॅमेरा लावण्यास ऑपरेटर नकार देऊ शकतो. त्या दिवसाचा दर कापला जाणार नाही.

दोन प्रती. निर्मात्यातर्फे लाइन प्रोड्युसर आणि कॅमेरा ऑपरेटर यांच्या सह्या प्रत्येक पानावर.