अन्नजाळे आणि आक्रमक परकी प्रजाती : सादरीकरणानंतरच्या चर्चेसाठी प्रश्नपत्रक

पर्यावरणशास्त्र विभाग, तृतीय वर्ष. सादरीकरणाचा विषय : मुळा-मुठेच्या शहरी पात्रातील अन्नजाळे आणि त्यातून एक प्रजाती वजा केल्यास होणारे बदल.

हे पत्रक सादरीकरण करणाऱ्या गटाला आणि श्रोत्यांना आधीच देण्यात येत आहे, कारण यातील एकाही प्रश्नाचे उत्तर पाठ करून देता येण्यासारखे नाही. गटाने आपल्या आकृतीत जलपर्णी, शैवाल, कुजणारे सेंद्रिय द्रव्य, प्राणिप्लवक, डासांच्या अळ्या, चतुरांच्या अळ्या, गप्पी मासे, तिलापिया, पाणकोंबडी, वंचक आणि खंड्या असे अकरा घटक दाखवले आहेत. प्रत्येक श्रोत्याने ही आकृती समोर ठेवावी आणि भाकीत विचारले असेल तेथे चर्चा सुरू होण्यापूर्वी ते स्वतःच्या वहीत लिहून काढावे. भाकिताची तीन अंगे आहेत : कोणता घटक वाढेल वा घटेल, हा बदल किती काळात दिसेल आणि काय आढळले तर भाकीत चुकले असे मानायचे. ‘समतोल बिघडेल’ हे उत्तर स्वीकारले जाणार नाही. त्यात चूक ठरण्याची सोयच नसल्याने ते तपासता येत नाही.

प्रश्न १. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी 1963 पासून खडकाळ किनाऱ्याच्या एका पट्ट्यातून पिसास्टर हा तारामासा सातत्याने काढून टाकला आणि शेजारचा पट्टा तसाच राखला. 1966 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तारामासा नसलेल्या पट्ट्यातील प्रजातींची संख्या 15 वरून 8 वर आली. वरचा भक्षक गेला म्हणजे भक्ष्यांची चंगळ व्हायला हवी, असे अन्नसाखळी पाहून कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात शिंपल्यांनी बहुतेक जागा व्यापली आणि इतरांना खडकावर पाय रोवायला ठिकाण उरले नाही. शिंपल्यांनी त्या इतर प्रजाती खाल्लेल्या नव्हत्या.

(अ) ‘कोण कोणाला खाते’ एवढेच दाखवणाऱ्या आकृतीवरून हा निकाल आधी सांगता आला असता का? नसता, तर आकृतीत नेमके काय जोडावे लागले असते?

(आ) शेजारचा पट्टा राखला नसता, तर निष्कर्षावर कोणता आक्षेप घेता आला असता?

(इ) तुमच्या आकृतीत तारामाशाच्या भूमिकेत कोणी आहे का? ‘नाही’ हे उत्तरही चालेल, मात्र त्याची कारणे द्यावीत. प्रत्येक अन्नजाळ्यात एखादी कळीची प्रजाती असलीच पाहिजे असा नियम नाही, आणि आकृतीत सर्वात वर बसलेला पक्षी आपोआप त्या पदाला पोचत नाही.

प्रश्न २. गटाच्या सातव्या स्लाइडवर ‘गप्पी मासे काढल्यास डास वाढतील’ असे एका ओळीत लिहिले आहे. हे वाक्य थोडे जवळून तपासू. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतील आहेत आणि डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडे डबकी, हौद आणि विहिरींमध्ये सोडले जातात. मात्र ते केवळ अळ्या खात नाहीत. प्राणिप्लवक आणि इतर बारीक जलचरही त्यांच्या तोंडी पडतात. दुसरीकडे चतुरांच्या अळ्या आणि पाण्यातील काही शिकारी ढेकूण हेही डासांच्या अळ्यांवर जगतात. पुण्याच्या उष्ण महिन्यांत डासाची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत उरकते, तर चतुराच्या बहुतेक जातींच्या अळ्यांना त्याहून कितीतरी अधिक काळ, अनेकदा काही महिने, लागतात.

(अ) गप्पी काढल्यापासून दोन आठवड्यांनी आणि आठ महिन्यांनी डासांच्या अळ्यांची संख्या कोणत्या दिशेला गेलेली असेल, याची दोन स्वतंत्र भाकिते करा. ती परस्परविरुद्ध असू शकतात का?

(आ) गटाने केवळ पहिले तीन आठवडे नोंदी घेतल्या, तर तो कोणता निष्कर्ष काढेल आणि तो किती भरवशाचा असेल?

(इ) चतुर उडत येऊन अंडी घालतात, देशी मासे तसे येऊ शकत नाहीत. चारही बाजूंनी सिमेंटने बांधलेला हौद आणि नदीला जोडलेले डबके या दोन ठिकाणी तुमचे भाकीत एकच राहील का?

प्रश्न ३. तिलापिया. आकृतीत तिलापियाकडून शैवालाकडे दोन वाटा जातात. पहिली थेट आहे : तिलापिया शैवाल खातो. दुसरी प्राणिप्लवकावरून जाते : तिलापिया, विशेषतः त्याची पिल्ले, प्राणिप्लवक खातात आणि प्राणिप्लवक शैवाल खातात. प्रत्येक दुव्याला अधिक वा वजा चिन्ह द्या, प्रत्येक वाटेवरील चिन्हांचा गुणाकार करा आणि तिलापिया काढल्यावर शैवाल वाढेल की घटेल ते सांगा. दोन वाटांची उत्तरे विरुद्ध निघाल्यास आणखी कोणती मोजमापे हाती असली म्हणजे निवाडा करता येईल? तिलापिया तळाचा गाळ उकरतो आणि त्याच्या विष्ठेतून पोषकद्रव्ये पाण्यात परत येतात, ही तिसरी वाट आकृतीत नाही. ती जोडल्यावर उत्तर अधिक स्पष्ट होते की अधिक संदिग्ध, हेही सांगावे. संदिग्ध होत असल्यास तसे निःसंकोच सांगावे. चिन्हांवरून दिशा ठरत नाही हे कळणे हाही एक निष्कर्षच आहे, आणि बहुसंख्य गट तो दडवतात असा अनुभव आहे.

प्रश्न ४. दरवर्षी पावसाळ्यात खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला की मुठेच्या पात्रातील जलपर्णी वाहून जाते. गटाने दहाव्या स्लाइडवर पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी-शेजारी मांडून हा ‘निसर्गाने केलेला वजाबाकीचा प्रयोग’ असल्याचे म्हटले आहे. कल्पना चांगली आहे, पण मांडणी तपासून पाहण्याजोगी आहे.

(अ) पुराबरोबर जलपर्णीखेरीज आणखी काय काय बदलते? निदान चार गोष्टी सांगा आणि त्यांपैकी कोणती एक गोष्ट तुमच्या निष्कर्षाला सर्वाधिक घातक आहे ते ठरवा.

(आ) पूर न येता जलपर्णी जाते ती यंत्राने वा माणसांनी काढली म्हणजे. अशा वेळी तुलनेसाठी कोणता पट्टा राखावा लागेल? तो काढलेल्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला असावा की खालच्या, आणि का?

(इ) जलपर्णी सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसली जाते आणि अनुकूल स्थितीत तिचे आच्छादन दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होऊ शकते. ती काढली आणि सांडपाणी तसेच येत राहिले, तर ही पोषकद्रव्ये कोणाच्या वाट्याला जातील? प्रकाश आता पाण्यात शिरू लागला आहे, हे ध्यानात ठेवून उत्तर द्यावे.

(ई) पाणकोंबड्या जलपर्णीच्या तरंगत्या गादीवर वावरतात आणि तिच्या आडोशाला लपतात. जलपर्णी गेल्यावर त्यांची मोजलेली संख्या अचानक वाढली, तर तिचा अर्थ कसा लावाल? पक्षी वाढणे आणि पक्षी दिसू लागणे यांत फरक करण्यासाठी नोंदीची पद्धत कशी बदलाल?

प्रश्न ५. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या दरम्यानच्या मॅक्वारी बेटावर मांजरे आणि ससे, दोन्ही माणसाने नेलेले. सशांना आवर घालण्यासाठी 1978 पासून मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला आणि ससे घटले. मांजरे समुद्रपक्ष्यांचा फडशा पाडत असल्याने त्यांचे निर्मूलन हाती घेण्यात आले, ते 2000 च्या सुमारास पूर्ण झाले. त्यानंतर ससे झपाट्याने वाढले आणि बेटावरील वनस्पतींची मोठी हानी झाली. पुढे ससे, उंदीर आणि घुशी यांच्याविरुद्ध एकत्र मोहीम राबवण्यात आली आणि 2014 मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ससे मांजरे गेल्यामुळे वाढले, असे एका अभ्यासगटाने 2009 मध्ये मांडले. त्यावर दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला की विषाणूचा प्रभाव ओसरणे हे अधिक मोठे कारण होते.

ही दोन स्पष्टीकरणे एकमेकांपासून वेगळी ओळखता येतील अशी एक तरी नोंद सुचवा, जी एका स्पष्टीकरणानुसार वाढायला हवी आणि दुसऱ्यानुसार वाढायला नको. ससे केव्हापासून वाढू लागले याची तारीख येथे उपयोगी पडेल का? तुम्ही त्या वेळी सल्लागार असता, तर मांजरांपूर्वी कोणाला काढण्याचा आग्रह धरला असता?

प्रश्न ६. आता पाणी सोडून टेकडीवर. पार्थेनियम, म्हणजे आपले गाजरगवत, भारतात 1955 च्या सुमारास प्रथम पुण्यात आढळल्याची नोंद आहे, त्यामुळे या प्रश्नावर पुणेकरांचा हक्क थोडा अधिक. त्याच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगेरा 1984 मध्ये बेंगळुरू येथे सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो आणि कोरड्या काळात जमिनीत सुप्त राहतो.

(अ) एका पडीक भूखंडावरून सर्व गाजरगवत हाताने उपटले, तर पुढील पावसात तेथे काय उगवेल? जमिनीतील बियांचा साठा, शेजारची वनस्पती आणि चरणारी जनावरे या तिन्हींचा विचार करून एकच भाकीत करा.

(आ) रिकाम्या जागेत दुसरी परकी वनस्पती शिरली, तर काढणी यशस्वी झाली असे म्हणाल का? यशाची व्याख्या काढणीपूर्वी लिहून ठेवली होती की नंतर ठरवली?

(इ) घाणेरीबाबतही हेच विचारता येईल, पण तेथे एक अडचण अधिक आहे. बुलबुल तिची फळे खातात आणि बिया दूरवर पसरवतात. घाणेरी एकदम काढल्यास बुलबुल जातील, आणि बुलबुल गेल्यास देशी झुडपांच्या बिया कोण आणील? पट्ट्यापट्ट्याने काढल्यास उरलेल्या पट्ट्यांतून घाणेरी परत येणार. या दोहोंपैकी एक पद्धत निवडा आणि ती चुकीची ठरवणारे निरीक्षण आधीच सांगा.

प्रश्न ७, केवळ सादरीकरण करणाऱ्या गटासाठी. तुमच्या अकरा घटकांत माणसाने फेकलेले अन्न, निर्माल्य आणि सांडपाणी यांना जागा नाही. ते बाराव्या घटकाच्या रूपात जोडा आणि स्लाइड सात व दहावरील भाकिते पुन्हा तपासा. जे भाकीत बदलेल ते फळ्यावर जुन्या भाकिताशेजारी लिहावे, जुने पुसू नये.