रोगराई, लसी आणि कळवणं: शनिवारच्या प्रेझेंटेशनसाठी आमच्या गटाचे प्रश्न

डॉक्टर मॅडम, गटातल्या लोकांनी जे जे विचारलं ते एकत्र करून पाठवतोय. बहुतेकांकडे दोन-चार जनावरं नि थोड्या शेळ्या एवढंच आहे, तेव्हा मोठ्या डेअरीची उदाहरणं जरा कमी घ्या.

लाळ्या-खुरकूतची लस दर 6 महिन्यांनी हे पाठ झालंय, पण वासराला चौथ्या महिन्यात पहिला डोस दिला आणि महिन्याभराने द्यायचा बूस्टर राहूनच गेला तर परत पहिल्यापासून सुरू करायचं का? चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती असेपर्यंत लस नीट लागत नाही म्हणतात, मग ज्या गाईला कधी टोचलंच नाही तिच्या वासराला लवकर दिली तर चालेल का? गाभण म्हशीला लोक हातच लावू देत नाहीत, टोचलं की गाभडते म्हणतात. ही भीती लसीची खरी आहे का जनावर धरताना होणाऱ्या ओढाताणीची, हे स्पष्ट सांगा, यावरून आमच्यात भांडणं होतात.

लस टोचून आठवडा झाला नि रोग आला की लस बोगस होती असं बोललं जातं. अंगात ताकद यायला 2-3 आठवडे लागतात आणि लाळ्याच्या विषाणूचे 7 प्रकार आहेत, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, हे तुमच्या तोंडून आलं तर बरं. लस 2 ते 8 डिग्रीत ठेवायची ठीक, पण बर्फाला चिकटून गोठली तर वितळवून वापरायची का फेकायची? आणि एकच सुई अख्ख्या गोठ्याला वापरतात त्याबद्दलही बोला.

ब्रुसेलाची लस फक्त 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना, ती जिवंत लस असते, चुकून माणसाला टोचली गेली तर काय करायचं? शेळ्यांच्या पीपीआरचं थोडक्यात घेतलं तरी चालेल. मात्र नवीन आणलेली शेळी वेगळी ठेवा सांगता, गोठाच एक असेल तर कुठे ठेवायची?

आता खरा मुद्दा. लोक कळवत नाहीत, आळस म्हणून नाही, घाबरून. फोन केला की पुढे नेमकं काय होतं, सॅम्पल कोण घेतं, रिपोर्ट आम्हाला मिळतो का, जनावरांची ने-आण किती दिवस बंद राहते, दूध विकता येतं का, नाव गुप्त राहतं का? एकच जनावर लाळ गाळतंय तेव्हाच कळवायचं का दुसऱ्याची वाट बघायची? नि एखादं अचानक मेलं, नाकातून काळपट न गोठणारं रक्त आलं तर फाशी समजून शव फाडायचं नाही हे माहितीये, पण तुम्ही येईपर्यंत कुत्री, कावळे कसे थांबवायचे आणि पुरायला जागाच नसली तर?

वेळ कमी पडला तर लसीचा भाग उरका, कळवण्याचं मात्र सावकाश घ्या आणि फोनवर काय काय सांगायचं त्याची एक स्लाइड ठेवा, आम्ही फोटो काढून गोठ्यात लावू.