नमस्कार मंडळी, बाबांचा पेन घेऊन आले आहे

मी नागपूरची, महालात राहते. शाईच्या पेनांविषयी तुम्ही सगळे इथे लिहिता ते तीन आठवडे नुसतं वाचत होते. आज लिहायला बसले, कारण आता सांगण्यासारखं काहीतरी हातात आहे.

दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी पेटीत, जुन्या वह्यांखाली, बाबांचा शाईचा पेन सापडला. बाबा कामठीला तहसील कचेरीत लिपिक होते. पेन काळा, जाड, ड्रॉपरने भरायचा. टोपण बोटाने घासलं की गंधकाचा वास येतो. आधी मला तो पेटीचाच वाटला. इथे वाचलं तेव्हा कळलं की हे एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर.

आत शाई वाळून घट्ट बसली होती. मी कोमट पाणी करायला ठेवलंच होतं, तेवढ्यात इथलं एक जुनं उत्तर आठवलं: एबोनाइटला गरम पाणी लागलं की काळा रंग उतरून तपकिरी पडतो. गॅस बंद केला आणि वाटीभर साधं पाणी घेतलं. रोज सकाळी पाणी बदलायचं, एवढंच. तिसऱ्या दिवशी निबच्या चिरेतून निळी बारीक रेघ निघाली आणि हळूहळू तळाशी जाऊन बसली. बाबांनी शेवटची भरलेली शाई. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ती वाटी मी संध्याकाळपर्यंत ओतली नाही.

आता पेन लिहितो. निबचं टोक एका बाजूने झिजलंय, कारण बाबा पेन जरा तिरपा धरायचे. मीही तसाच धरला की सरसर चालतो, सरळ धरला की कागदावर खरखरतो.

एकच अडचण आहे. शाई निम्म्याखाली गेली की मधेच टपकन थेंब पडतो. सकाळी जास्त. आटे तर घट्ट बसतात. कुणाला हा अनुभव आहे का? आणि रोज वापरायला कुठली शाई घेऊ, तेही सांगा.

*

सांगलीच्या ताई, इतक्या आपुलकीने स्वागत केलंत, फार बरं वाटलं. तुम्ही सांगितलीत तशी पाण्याने धुतली जाणारी साधी निळी शाईच आणली. चित्रकलेची काळी शाई यात कधीच भरायची नाही, हेही लिहून ठेवलंय. तुमच्या आजोबांच्या पेनची निब तुटली म्हणालात. पेन टाकू नका हो. निबची रुंदी आणि लांबी मोजून इथे लिहा, कुणाकडे तरी जुळणारी निघेल.

वर्ध्याचे काका, तुम्ही म्हणालात तेच होतं! थंडीत पेन गार, हात गरम. आत शाई कमी म्हणजे हवा जास्त. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला निबखालच्या जिभेतून बाहेर ढकलते. आता एक तृतीयांश उरायच्या आतच भरते आणि लिहिण्याआधी पेन मिनिटभर मुठीत धरते, निब वर करून. चार दिवसांत एकही थेंब नाही. आणि राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेला स्वदेशी पेन गांधीजींना त्यांचे सहकारी कुमारप्पा यांच्या हस्ते मिळाला, आणि 1935 मध्ये गांधीजींनी आभाराचं पत्र लिहिलं ते तुमच्या वर्ध्याहून, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरापासून दीड-दोन तासांवरची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

नांदेडचा दादा, अक्षर वाईट आहे म्हणून कागदाचा फोटो टाकत नाही असं लिहिलंस. मी तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून हक्काने सांगते, टाक. तुझा ‘ळ’ कसा वळतो ते मला बघायचंय. आणि वहीचा कागद पातळ असेल, शाई मागे उमटत असेल, तर तो दोष तुझ्या हाताचा नाही. जरा जाड कागद घेऊन बघ.

पुण्याच्या ताई, तुमच्या वडिलांचा पेन बसमध्ये हरवला ते वाचून मी बराच वेळ थांबले. काय लिहावं सुचलं नाही. त्यांची एखादी जुनी वही, पत्र, सही असेल तर दाखवाल? अक्षरावरून पेन कसा धरत असतील याचा अंदाज बांधता येईल, तसा एखादा शोधू आपण.

धरमपेठेचे भाऊ, भेटायची कल्पना एकदम आवडली. रविवारी सकाळी आठला महाराजबागेच्या फाटकाशी येते. आधी तर्री पोहे, मग पेन, कारण तेलकट हात निबला लावायचे नाहीत. येताना साबण आणि जुना सुती रुमाल मी आणीन, शाईची बाटली तुम्ही आणा. ज्यांच्याकडे पेन नाही त्यांनाही घेऊन या. बाबांच्या पेनने प्रत्येकाने एक ओळ लिहायची, तिरपा धरून.