आयात मालाचा लँडेड कॉस्ट व्हाउचर : तैवान बेअरिंग, न्हावा शेवा ते भिवंडी गोदाम

व्हाउचर क्र. आयात/१४, दिनांक १७ जून २०२५
माल : ६२०५ बेअरिंग २०,००० नग, ६३१० बेअरिंग ६,००० नग, २० फुटी एक कंटेनर, ढोबळ वजन १०,००० किलो
बिल ऑफ लेडिंग २२ मे, काओशुंग. बिल ऑफ एन्ट्री १२ जून. गोदामात आवक १७ जून

इन्व्हॉइस एफओबी ४८,००० डॉलर. ६२०५ चे १८,००० (नगाला ०.९०), ६३१० चे ३०,००० (नगाला ५). खरेदी बिल ऑफ लेडिंगच्या तारखेच्या ८५.८० दराने धरली, कारण एफओबीत माल जहाजावर चढला की आपला.

२२ मे : वाटेतला माल खाते नावे ४१,१८,४००, पुरवठादार जमा ४१,१८,४००.

बिल ऑफ एन्ट्रीवरचा ८६.५० हा कस्टमचा अधिसूचित दर आहे. तो फक्त ड्युटीच्या हिशेबासाठी. त्या दराने साठा धरू नये, मागच्या खेपेला तीच चूक दुरुस्त करावी लागली होती. पेमेंट ८६.१० ने गेले. नगामागे नव्हे, एकूण १४,४०० चा फरक विनिमय तोटा खात्यात टाकला, मालाच्या किमतीत नाही.

ड्युटीचा हिशेब
एफओबी ४१,५२,००० + भाडे ९०० डॉलरचे ७७,८५० + विमा ५,१५० = निर्धारणीय मूल्य ४२,३५,०००
मूळ सीमाशुल्क ७.५% : ३,१७,६२५
समाजकल्याण अधिभार, सीमाशुल्काच्या १०% : ३१,७६३
आयजीएसटी १८%, वरील तिन्हींच्या बेरजेवर (४५,८४,३८८) : ८,२५,१९०
चलन एकूण ११,७४,५७८

यातला आयजीएसटी इनपुट क्रेडिट खात्यात गेला. किमतीत येतात फक्त पहिले दोन, ३,४९,३८८. बिल ऑफ एन्ट्री २बी मध्ये दिसते का, हे क्रेडिट घेण्याआधी पाहावे. दिसत नसेल तर आपला जीएसटी क्रमांक बिलात नीट टाकला आहे का, हे एजंटला आधी विचारावे.

किमतीत घेतलेले इतर खर्च (जीएसटी वगळून)
समुद्रभाडे, फॉरवर्डरचे बिल : ७८,३००
विमा : ५,१५०
शिपिंग लाइनचे टर्मिनल हँडलिंग व डिलिव्हरी ऑर्डर : १९,२००
सीएफएस हाताळणी : १४,६००
क्लिअरिंग एजंट : ८,५००
स्टॅम्प ड्युटी : ४,२३५
ट्रेलर, न्हावा शेवा ते भिवंडी : १८,०००
माथाडी, उतराई : ४,५००

सीएफएस आणि शिपिंग लाइनची बिले एजंटने भरली असली तरी ती आपल्या नावावर आणि आपल्या जीएसटी क्रमांकावर हवीत. एजंटच्या एकाच बिलात सगळे गुंडाळले, तर त्या भागाचे क्रेडिट अडकते. या खेपेत सीएफएसचे एक बिल एजंटच्या नावाने आले होते. ते परत पाठवून बदलून घेतले, मगच नोंदले.

मूळ बिल ऑफ लेडिंग कुरिअरने उशिरा आल्याने कंटेनर तीन दिवस जास्त अडकला. त्याचे ग्राउंड रेंट ६,२०० आणि डिटेन्शन ९,०००, असे १५,२०० थेट नफा-तोटा खात्यात टाकले. हा नेहमीचा खर्च नाही. साठ्यात घातला तर विक्रीचा भाव उगाच चढतो.

एकूण लँडेड कॉस्ट : ४६,२०,२७३

वाटणी
माल, विमा, ड्युटी, स्टॅम्प ड्युटी, एजंट (४४,८५,६७३) किमतीच्या प्रमाणात : ३७.५% / ६२.५%.
भाडे, टर्मिनल, सीएफएस, ट्रेलर, माथाडी (१,३४,६००) वजनाच्या प्रमाणात. ६२०५ चे २,८०० किलो, ६३१० चे ७,२०० किलो : २८% / ७२%.

६२०५ : १६,८२,१२७ + ३७,६८८ = १७,१९,८१५; नग ८५.९९
६३१० : २८,०३,५४६ + ९६,९१२ = २९,००,४५८; नग ४८३.४१

सगळेच किमतीवर वाटले असते, तर १२,७८७ रुपये जड मालाकडून हलक्याकडे सरकले असते : ६२०५ नगामागे ६४ पैसे महाग, ६३१० नगामागे २.१३ स्वस्त. ६२०५ वर मार्जिन मुळातच बारीक असल्याने हे ६४ पैसे महत्त्वाचे आहेत.

आवक मोजणीत ६३१० चा एक कार्टन फाटलेला, १२ नग कमी. ट्रेलरच्या पावतीवर चालकाची सही घेऊन शेरा मारला, सर्व्हेअरला कळवले. उरलेल्या नगांवर ही तूट न लादता दावा खात्यात घेतली.

१७ जून : साठा ६२०५ नावे १७,१९,८१५, साठा ६३१० (५,९८८ नग) नावे २८,९४,६५७, विमा दावा येणे नावे ५,८०१, वाटेतला माल जमा ४६,२०,२७३.

ही नोंद झाल्यावर वाटेतला माल खात्याची शिल्लक शून्य आली. माथाडीची पावती शेवटी हाती आली, म्हणून व्हाउचर तोवर थांबवला होता. स्टोअरने वरचे दोन दर आजपासून विक्री बिलाच्या मास्टरमध्ये चढवावेत.