काकांनी मला न सांगायला सांगितलेले

मित्रा, गेले चार दिवस मी कागद घेऊन बसतो आणि उठतो,
कारण जे शब्द चटकन सुचतात
ते कोणाच्याही वडिलांसाठी चालले असते,
आणि मला तुझ्याच बाबांविषयी लिहायचे आहे.

इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांच्या वस्तूंची पिशवी तुझ्या हाती आली,
तेव्हा घड्याळ, पाकीट, किल्ल्या तू तशाच राहू दिल्यास
आणि फक्त चष्मा बाहेर काढलास.
त्याच्या डाव्या काडीला काकांनी काळा दोरा गुंडाळलेला होता;
स्क्रू निखळून पडला होता,
आणि दुकानात जाऊ, जाऊ म्हणत त्यांनी वर्ष काढले होते.
तू शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्यास,
उजेडासमोर धरून पाहिल्यास, पुन्हा एकदा पुसल्यास,
आणि चष्मा मिटून वरच्या खिशात ठेवलास.
मी शेजारीच उभा होतो आणि काही बोललो नाही,
कारण ते शर्टाचे टोक, ते उजेडासमोर धरणे, ते दुसऱ्यांदा पुसणे
मी पूर्वी एका रात्री अगदी जवळून पाहिले होते.
त्या रात्री तू झोपलेला होतास.

शेवटच्या वर्षाची परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती,
मी तुमच्याकडे अभ्यासाला राहिलो होतो,
आणि दीडच्या सुमारास तू वहीवरच डोके टेकून झोपी गेलास.
काका पाणी प्यायला उठले होते.
तुझ्या डोळ्यांवर दिव्याचा उजेड पडतो आहे हे पाहून
त्यांनी दिव्याची मान हळूच माझ्या बाजूला वळवली,
तुझ्या कोपराखालचे पेन काढून त्याला टोपण लावले,
आणि मग परत न जाता माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.
बराच वेळ ते चष्माच पुसत राहिले.
शेवटी अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारले,
"हा पेपरला घाबरतो का रे?"
मी म्हणालो, "थोडा घाबरतो, काका."
"मला कधी बोलला नाही," ते म्हणाले,
"आणि मी विचारले, तर त्याला वाटते की मी त्याला तपासतो आहे."
जाताना दारात थांबून त्यांनी मला बजावले,
"उद्या वर्गाच्या दारापर्यंत त्याच्यासोबत जा,
पण मी सांगितले असे म्हणू नकोस."

तुला आठवत असेल, माझा वर्ग दुसऱ्या इमारतीत होता,
आणि तू मला विचारलेस, "तू इकडे कुठे?"
मी म्हणालो, "चुकलो."
त्यानंतर २२ वर्षे मी हे कोणालाही सांगितले नाही,
आणि आज काकांना दिलेला शब्द मोडताना मला अपराधी वाटत नाही.

परवा जिन्यात बसून तू म्हणालास,
"आमचे दोघांचे नीट बोलणे असे कधी झालेच नाही."
ते मी खोडून काढणार नाही, कारण ते खरे आहे
आणि त्याचे दुःख तुझे आहे;
त्यात मी कोण, जो त्याचे वजन कमी करून सांगणार?
मला एवढेच ठाऊक आहे की त्या घरात एक माणूस
तुझ्याशी बोलायचे शब्द शोधत रात्री दीड वाजता जागा होता,
आणि ते सापडले नाहीत, तेव्हा त्याने मला तुझ्यासोबत पाठवले.
ही रात्र माझ्याकडे होती.
ती आता तुझ्याकडे असू दे.

चष्मा कुठे ठेवायचा हे ठरवण्याची घाई करू नकोस.
खिशात राहिला तर खिशात राहू दे,
आणि त्या काडीचा दोरा कोणाला सोडू देऊ नकोस.
फोन वाजला आणि उचलावासा वाटला नाही, तर वाजू दे;
माझा असला तरीही.

गुरुवारी संध्याकाळी मी येतो आहे.
बँकेचे आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज तू टेबलावर नुसते काढून ठेव,
मी एकेक रकाना वाचत जाईन आणि तू सांगशील तसे भरत जाईन.
त्यांच्या नावाआधी आता एक अक्षर आणि एक टिंब लिहावे लागेल.
ते तुला लिहायचे असेल तर पेन तुझ्या हाती देईन,
आणि लिहवले नाही, तर ती जागा त्या दिवशी कोरी सोडू,
कागद बाजूला सारू, दिव्याची मान वळवून ठेवू,
आणि तुला झोप येईपर्यंत मी समोरच्या खुर्चीवर बसून राहीन.