चौथीनंतर मुली कुठे गेल्या? एका वस्तीशाळेची केस स्टडी

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पाचवी चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. वस्तीतली बहुतेक कुटुंबे ऊसतोडीला जातात.

नोंदी काय सांगतात? दोन वर्षांत 9 मुली चौथी पास झाल्या, 8 जणींचे दाखले पुढच्या शाळेने मागवून घेतले. म्हणजे कागदावर गळती एकीचीच, आणि तीही आजोळी गेली म्हणून. प्रत्यक्षात पाचवीच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर नियमित दिसतात त्या 3. बाकी पाचजणी पटावर आहेत, वर्गात नाहीत. यातल्या तिघी आईबापांबरोबर फडावर गेल्या, दोघी घरी राहिल्या.

अहवालात अशा ठिकाणी "पालकांची उदासीनता" हा शब्द ठरलेला असतो. आम्हाला तो पटला नाही. याच पालकांनी चौथीपर्यंत मुलींना आजीजवळ ठेवून शाळेत पाठवले होते. हंगामी वसतिगृहाच्या जेवणाची सोयही तेव्हा कामी आली. बदलले ते दुसरेच. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीवर भाकरी थापू शकते, धाकट्याला सांभाळू शकते. कोयत्याची उचल घेतलेल्या जोडप्याला हा हातभार लागतोच. त्यात शाळा लांब गेली. एक आई म्हणाली, "म्हातारीच्या भरवशावर पोर एकली रस्त्यानं कशी धाडू? कुणी काही बोललं, तर आम्ही कारखान्यावर."

मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण गाडी सकाळी नऊला जाते आणि परतीची साडेसहाला. शाळा पाचला सुटते. हिवाळ्यात सात वाजता फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत अंधारातली पायवाट. मोफत पासाचे कौतुक करताना हे वेळापत्रक कुणी पाहिलेले दिसत नाही.

टिकलेल्या तिघींमध्ये एकच गोष्ट समान निघाली: प्रत्येकीचा थोरला भाऊ वा चुलतभाऊ त्याच शाळेत वरच्या वर्गात आहे. तिघींपैकी एकीची आईही फडावरच आहे. म्हणजे स्थलांतर एकटे मुलीला घरी बसवत नाही. सोबत नसेल तर बसवते.

घरी राहिलेल्या दोघींपैकी एकीच्या लग्नाची बोलणी आताच घरात निघतात, असे आजीनेच सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) राज्यात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याची नोंद आहे. बीडमध्ये हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार पाचवीची सोय एक किलोमीटरच्या आत हवी. शाळा व्यवस्थापन समितीने याच शाळेला पाचवी जोडण्याचा ठराव करून पंचायत समितीकडे पाठवला आहे. एक वर्गखोली रिकामी आहे, शिक्षक मात्र दोनच. आगाराला परतीची गाडी सव्वापाचला सोडण्याची विनंती केली आहे. तोवर भाऊ नसलेल्या मुलींनी त्या तिघींच्या गटात जावे, अशी बोलणी पालकांशी सुरू आहेत; दोन घरे तयार झाली, तिसऱ्या घरी आजोबा अडून बसलेत.

पाचवी इथे आली तरी सहावीला तोच चार किलोमीटरचा रस्ता आहे, त्यामुळे गाडीची मागणी सोडून चालणार नाही.