माती

विषय एकाच शब्दाचा मिळाला आणि वर्गातल्या बऱ्याच जणांनी जन्मभूमीवर लिहायला घेतले. मला लिहायचे आहे ते हातात घेता येते, नखांत अडकते, त्या मातीवर. तिच्याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक असते, आणि ती संपू शकते हे तर आपल्या ध्यानीमनीही नसते.

विज्ञानाच्या तासाला आम्ही काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून ती खूप हलवली आणि टेबलावर ठेवून दिली. वाळू बघता बघता तळाशी बसली. तिच्यावर पोयट्याचा थर हळूहळू जमत गेला. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ करून होती, कारण तिचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. या बारीक कणांनाच पाणी आणि झाडांना लागणारी अन्नद्रव्ये चिकटून राहतात. नुसत्या वाळूतून पाणी सरळ खाली निघून जाते. नुसती चिकणमाती असेल तर मुळांना हवा मिळत नाही. पिकाला मानवते ती या तिघांची मिसळण.

चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो, हे वाचून मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. खनिजे साधारण ४५ टक्के, कुजलेला पालापाचोळा आणि इतर सेंद्रिय भाग ५ टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेल्या जागेत हवा आणि पाणी. मुळेही श्वास घेतात, म्हणून ही पोकळी महत्त्वाची. जड यंत्रे वारंवार फिरली की ती दबते. मग पावसाचे पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहू लागते आणि जाताना मातीही घेऊन जाते.

आणि ही माती परत मिळवायची तर खडकापासून सुरुवात करावी लागते. ऊन, थंडी, पाणी खडकाला तडे पाडतात, त्यावर दगडफूल वाढते, मुळे फटींत शिरतात, पाने पडून कुजतात. एवढे सगळे होऊन एक सेंटिमीटर थर तयार व्हायला बहुतेक ठिकाणी शंभराहून जास्त वर्षे लागतात. वाहून जायला एक जोरदार पाऊस पुरतो.

मातीतल्या जिवांवर तर वेगळा निबंध होईल. चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांचा अभ्यास कित्येक दशके केला. १८३७ साली त्यांनी या विषयावर पहिला निबंध वाचला आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, पुस्तक लिहिले. गांडुळे खालची माती वर आणून टाकत राहतात, म्हणून जमिनीवर पडलेले दगड सावकाश खाली जातात, हे त्यांनी दाखवून दिले. गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्यांनी त्यांच्याजवळ पियानोही वाजवला. आवाजाचा काही परिणाम झाला नाही, पण कुंड्या पियानोवरच ठेवल्यावर कंप जाणवून गांडुळे बिळात शिरली. एवढा मोठा शास्त्रज्ञ एवढ्याशा जिवासाठी इतका वेळ देतो, याचा मला फार आदर वाटतो.

१९४३ साली मातीतल्याच एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयरोगावर गुण देणारे ते पहिले प्रतिजैविक. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वासही अशाच जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते हवेत अगदी नगण्य प्रमाणात असले तरी आपल्या नाकाला कळते.

माती गमावली की काय होते ते अमेरिकेने १९३०च्या दशकात भोगले. तिथल्या मध्यभागातल्या विस्तीर्ण मैदानांवर गवताच्या दाट मुळांनी माती धरून ठेवली होती. गव्हासाठी ते गवत नांगरून काढले गेले. मग सलग दुष्काळ पडला, पीक उगवले नाही आणि उघडी जमीन वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी आलेल्या धुळीच्या वादळाने भरदिवसा काळोख केला. लाखो लोकांना घरदार सोडावे लागले. दुष्काळ त्यापूर्वीही पडत असत, पण तेव्हा जमिनीवर गवत होते. म्हणून या संकटाचा दोष एकट्या पावसाला देणे मला पटत नाही.

त्याच महिन्यात तिथे मृदासंधारणाचा कायदा झाला. उपाय साधे होते : उताराला आडवी नांगरट, वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा, आणि पीक नसतानाही जमिनीवर काहीतरी हिरवे राखणे. शेतजमिनीची धूप अशा उपायांनी आजही कमी करता येते. पण जी सुपीक जमीन डांबराखाली आणि काँक्रीटखाली जाते तिच्यासाठी असा सोपा उपाय नाही. पाणी आणि हवा बंद झाल्यावर तिच्यातले जीव मरू लागतात, आणि बांधकाम पाडले तरी ती लगेच पूर्ववत होत नाही. त्यामुळे रस्ता किंवा इमारत कुठे बांधायची हे ठरवताना तिथली माती कशी आहे, हे सर्वांत आधी पाहिले जावे असे मला वाटते.